पहिली भेट

आषाढांतल्या एका रविवारीं सकाळीं मी उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्तानें व्हरांड्यांत खुर्ची टाकून बसलों होतों. वास्तविक तपासणें मुळींच चाललें नव्हतें. लाल पेन्सिल कानावर ठेवून मी समोरच्या कडुनिंबावरचे पोपट मोजीत होतों. इतक्यांत पुण्याहून दोन दिवसांकरितां आलेले चिरंजीव बाहेर आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. मुलगा खांबाला टेकून उभा राहिला कीं त्याला कांहीं तरी मागावयाचें असतें, नाहीं तर कांहीं तरी कबूल करावयाचें असतें, हा माझा आजवरचा अनुभव. म्हणून मी पेन्सिल कानावरून काढली.

"बाबा," तो म्हणाला, "पुढच्या शनिवारीं मी दापोलीकडे जाणार आहें. तिच्या आईंना पहिल्यांदांच भेटणार. काय न्यावें?"

साखरपुडा ज्येष्ठांत आमच्याच घरीं, सोलापुरास, झाला होता. मुलीचे वडील आले होते, मामा आले होते, दोघी आत्या आल्या होत्या. पण आईंना येतां आलें नव्हतें. त्यांच्या सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सोडून एक रात्रही बाहेर राहणें बाईंना शक्य नव्हतें. तेव्हां जिच्या मुलीच्या बोटांत आम्हीं अंगठी घातली, ती माउली त्या वेळीं शेंदीडशें कोसांवर कोणाची तरी कूस बदलीत बसली होती. चिरंजिवांच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली होती, आणि तें मला आवडलें.

त्यानें खिशांतला मोबाइल काढून मला एकामागून एक चित्रें दाखविलीं. चांदीची समई होती. पैठणीच्या कापडाची पर्स होती. नक्षीदार थाळ्यांत रचलेला सुका मेवा होता. तेलावांचून तळण्याचें एक यंत्रही होतें. "फार महाग नको," तो म्हणाला, "पण मान राहिला पाहिजे."

"आधीं वडिलांना विचार, त्यांनीं काय नेलें होतें तें," स्वयंपाकघरांतून आवाज आला. भिंतीपलीकडचें ऐकण्याची कला आमच्या घरीं कोणाला साधली आहे हें सांगणें नको.

प्रश्न तसा साधा होता. पण विचार करूं लागलों तों ध्यानांत आलें कीं आपल्या रूढींत या प्रश्नाचें उत्तरच नाहीं. आपल्याकडे जांवई हा घेणारा प्राणी आहे. नऊ ग्रहांच्या पंक्तीला जुन्या लोकांनीं त्याला दहावा म्हणून बसविलें तें कांहीं उगीच नव्हे. दिवाळसण त्याचा, अधिक महिन्यांतले तेहतीस अनारसे त्याचे, त्यांच्यावरचा दिवाही त्याचाच. आणि तो रुसला तर समजूत घालण्याचा खर्च निराळा. विहिणीनें विहिणीला काय द्यावें, सुनेची ओटी कशानें भरावी, याची कलमवार यादी कोणतीही आजी तोंडपाठ सांगेल. पण जांवयानें सासूच्या हातांत कांहीं ठेवावें, ही कल्पनाच त्या यादींत कोठें शिरलेली नाहीं. त्यामुळें एखादा तरुण चांगल्या मनानें तसें करूं पाहतो, तेव्हां त्याला सल्ला द्यावयास दुकानदाराखेरीज कोणी उरत नाहीं. आणि दुकानदाराच्या शास्त्रांत आदर हा रुपयांच्या पटींत वाढत असतो.

मीं स्वतः काय नेलें होतें, तें आतां सांगितलेंच पाहिजे.

१९९४ सालची गोष्ट. मी नुकताच अधिव्याख्याता म्हणून कायम झालों होतों, आणि कायम झालेल्या माणसाला जो एक प्रकारचा उदारपणाचा झटका येतो तो मला आला होता. माझे सासरे तालुक्याच्या गांवीं शाळामास्तर. साखरपुड्याच्या दिवशीं सासूबाई स्वयंपाकघरांतच होत्या. मीं त्यांना नमस्कार केला तेवढाच, धड पाहिलें म्हणून नव्हतें. महिन्याभरानें त्यांना भेटावयास जावयाचें ठरलें तेव्हां मीं पगाराचा निम्म्याहून अधिक भाग खर्चून एक रेशमी साडी घेतली. जांभळा रंग, रुंद जरीचा काठ. दुकानदारानें ती माझ्यासमोर अशी कांहीं झुळकन् उलगडली कीं मला वाटलें, हिच्यापुढें माझें सारें इंग्रजी वाङ्मय फिकें आहे.

सासूबाईंनीं ती दोन्ही हातांनीं घेतली. तिला हळदकुंकू लावलें, देवापुढें ठेवली, आणि "कशाला एवढें?" असें म्हणाल्या. हे शब्द सगळ्याच बायका म्हणतात, म्हणून मीं त्यांचा अर्थ केला नाहीं. त्या नऊवारी नेसत, आणि मीं नेली होती ती सहावारी होती, ही गोष्ट मला पुढें चार महिन्यांनीं कळली. कवितेच्या चरणांतल्या मात्रा मोजून पोट भरणाऱ्या माणसाला सासूच्या लुगड्याचे वार मोजतां आले नाहींत! परंतु ही चूक हंसण्यावारी नेण्यासारखी होती. खरी चूक पुढेंच होती.

लग्नांत आमच्याकडून कसलीही मागणी नव्हती. माझ्या वडिलांनीं तसें स्पष्ट कळविलें होतें. तरीही लग्नाच्या दिवशीं सासऱ्यांनीं माझ्या बोटांत जी अंगठी घातली ती मास्तरांच्या ऐपतीच्या मानानें चांगलीच जड होती. मला ती हौस वाटली. पुढें दिवाळसणाला गेलों, तेव्हां पाटावर वाढतांना सासूबाईंचा हात माझ्या पानावर आला. उजव्या हातांत पाटली होती. डाव्या हातांत नुसत्या कांचेच्या बांगड्या होत्या. मीं तें पाहिलें. पाहिलें, आणि पुरणपोळी मागून घेतली.

बारा वर्षांनीं, सासूबाई गेल्यानंतर, त्यांची ट्रंक उघडली तेव्हां ती जांभळी साडी आंत घडीसुद्धां न मोडलेली सांपडली आणि एक पाटली सांपडली. "दुसरी कोठें?" असें मीं विचारलें. तेव्हां पत्नीनें सांगितलें, "तुमच्या बोटांत आहे." एवढी भारी साडी आणणाऱ्या जांवयाला हलकी अंगठी कशी घालावी, या चिंतेनें त्या दोघांनीं दोन रात्री काढल्या होत्या, आणि शेवटीं एक पाटली मोडली होती. पत्नीनें हें बारा वर्षें मला सांगितलें नव्हतें, कारण आईनें तिला शपथ घातली होती.

तेव्हांपासून भेटवस्तूच्या बाबतींत माझें एक मत बनलें आहे. भेटीची किंमत दुकानांत अर्धीच चुकती होते. उरलेली अर्धी घेणाऱ्याला भरावी लागते, आणि ती किती भरावयाची हें देणारा ठरवून मोकळा होतो. मार्सेल मोस या फ्रेंच पंडितानें १९२५ सालीं या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणें, घेणें आणि परत करणें हीं तिन्ही समाजांत बंधनेंच असतात, असें त्यानें दूरदूरच्या बेटांवरील लोकांचे व्यवहार अभ्यासून दाखविलें. मीं तो निबंध महाविद्यालयांत असतांनाच वाचला होता, त्यावर टिपणेंही काढलीं होतीं. पण तो मला समजला तो त्या ट्रंकेपुढें.

आपल्या कायद्यानेंही या गोष्टीचा विचार केला आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याची व्याख्या वाचली तर ती केवळ मुलीकडून मुलाकडे जाणाऱ्या पैशापुरती नाहीं. कोणत्याही एका पक्षाकडून दुसऱ्याकडे लग्नाच्या संबंधानें गेलेली मालमत्ता तींत येऊं शकते. पुढें १९८४ सालीं तो कायदा दुरुस्त झाला. मुलीच्या बाजूनें न मागतां दिलेल्या वस्तूंना त्यानें मोकळीक ठेविली, पण अट घातली कीं त्या रूढीला धरून असाव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानानें अवाजवी नसाव्यात. अट शहाणपणाची आहे. कायद्याला याहून अधिक करतां येणार नाहीं. पण घरांत बसून विचार करतांना मला वाटतें, ऐपत मोजावयाची ती देणाऱ्याची नव्हे, घेणाऱ्याची. माझी साडी माझ्या ऐपतीच्या बाहेरची नव्हती. ती त्यांच्या ऐपतीच्या बाहेरची होती.

मग मोजावयाचें कसें? याचें माप आपल्या स्वयंपाकघरांत फार जुनें आहे. शेजारणीनें वाटींतून कांहीं पाठविलें तर वाटी रिकामी परत करूं नये. निदान चिमूटभर साखर घालून द्यावी. शेजारणीनें बासुंदी पाठविली म्हणून कोणी बासुंदीच परत पाठवीत नाहीं. साखरेनें फिटते. पहिल्या भेटीची वस्तू अशी असावी कीं तिची फेड त्या घरांत त्या दिवशीं जें असेल त्यानें व्हावी. कपाट उघडावें लागूं नये, आणि सोनाराकडे तर मुळींच जावें लागूं नये.

हें सारें मीं मुलाला सांगितलें. पाटलीची गोष्ट त्याला प्रथमच कळली. तो थोडा वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "मग पेढे नेतों. बसस्थानकावर मिळतील." ऐपतीच्या खड्ड्यांतून निघून तो थेट दुसऱ्या खड्ड्यांत पडला, म्हणून मला त्याला पुन्हां बाहेर ओढावें लागलें. वाटेंत घेतलेला पुडा हा वाटेंत घेतलेला आहे हें पहिल्या दृष्टीला कळतें. त्यांतून तो त्यांच्याच गांवच्या दुकानाचा असला, तर कोणत्या दुकानाचा, किती वाजतां घेतला आणि कालचा कीं आजचा, एवढें सगळें गृहिणीला दोरीच्या गांठीवरून उमगतें. स्वस्त वस्तूनें अपमान होत नाहीं. आपल्याविषयीं क्षणभरही विचार झाला नव्हता हें कळल्यानें होतो.

"साडी?" त्यानें विचारलें. साडीविषयीं बोलण्याचा अधिकार मला उरला नव्हता, म्हणून तो प्रश्न त्याच्या आईनें घेतला. ती आतां पदराला हात पुसत बाहेरच येऊन बसली होती. साडी दिली कीं तो आहेर होतो, असें तिचें म्हणणें. आहेर झाला कीं उलट आहेर आला. शिवाय रंग, पोत, काठ यांत परक्या माणसाची निवड क्वचितच बरोबर येते. मग ती साडी घडी न मोडतां दुसऱ्याच्या लग्नांत जाते, तेथून तिसऱ्याच्या. आहेराची साडी म्हणून जी एक जात दुकानांत असते ती नेसण्यासाठीं विणलेलीच नसते, पुढें ढकलण्यासाठीं विणलेली असते. "आणि मी विहिणीला कांहीं पाठविणार नाहीं," ती पुढें म्हणाली. "तें माझें देणें माझ्या वेळीं. आत्तां तुझ्या हातून गेलें तर त्यांना वाटेल, विहिणीचा मान आला, आतां तो फेडला पाहिजे. तूं तुझें ने."

हा भेद मला सुचला नसता. पहिल्या भेटीला मुलगा जातो तो एकटा, स्वतःच्या नांवानें. त्याच्या पिशवींत दोन घरांचा व्यवहार शिरला कीं भेट संपली आणि हिशेब सुरू झाला.

तेव्हां मीं त्याला सांगितलें, "तिला फोन कर. पण 'आईंना काय हवें' असें विचारूं नकोस. त्याचें उत्तर 'कांहीं नको' असेंच येतें. त्यांचा दिवस कसा जातो तें विचार."

तो अंगणांत फेऱ्या घालीत अर्धा तास बोलला. परत आला तेव्हां त्याच्याजवळ चार गोष्टी होत्या. आई पहांटे उठतात. आजींचें अंग पुसणें, कपडे बदलणें यांत सकाळ जाते. दुपारीं तासभर मोकळ्या असतात, पण घर सोडीत नाहींत. चातुर्मास पाळतात, कांदालसूण आषाढी एकादशीपासून बंद आहे. आणि चौथी गोष्ट अशी कीं त्यांचें माहेर बार्शीकडचें. दोन वर्षांत त्या माहेरीं गेल्या नाहींत. घरांत तांदळाची भाकरी होते. ती त्या चांगली करतात, पण मध्येंच एखाद्या वेळीं म्हणतात कीं ज्वारीची भाकरी खाऊन किती दिवस झाले कोण जाणे.

सोलापूर जिल्ह्यांत राहणाऱ्या माणसाला याहून अधिक काय सांगावयास हवें! मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती आमच्या बाजारांत पोत्यांनी रचलेली असते. मुलगा लगेच पीठ दळून आणावयास निघाला. त्याच्या आईनें त्याला दारांतच थांबविलें. ज्वारीचें पीठ शिळें झालें कीं त्याची विरी जाते. मग भाकरी थापतांना कडेनें चिरते आणि तव्यावर टाकतांना तुटते. पिठाची विरी गेली आहे कीं आहे, हें पाण्यांत मळल्याबरोबर हाताला कळतें, पण तेव्हां उपाय फक्त उकळत्या पाण्याचा राहतो. माहेरच्या ज्वारीची पहिलीच भाकरी परातींत मोडली, तर त्या बाईंना काय वाटेल? म्हणून दाणे न्यावयाचे, पीठ नाहीं. पण मग तिकडच्या गिरणींत ज्वारी दळून मिळते का? पुन्हां फोन झाला. गिरणी जवळच होती. आधींच्या दळणांतले तांदूळ थोडे मिसळतात, एवढीच तक्रार. ती भाकरीला बाधत नाहीं.

किती न्यावी, यावरही विचार झाला. चिरंजीव दहा किलो म्हणत होते. पावसाळ्यांत कोंकणांतल्या हवेला धान्य ठेवणें सोपें नसतें. दाण्याला दमट हवा लागली कीं आठपंधरा दिवसांत टोके होतात, आणि मग भेट निवडीत बसावें लागतें. आधींच ज्या बाईला दुपारचा तासच मोकळा, तिच्या पदरीं हें काम कशाला? पांच किलो ठरली. सोमवारीं उघडीप होती. ज्वारी पाखडून, खडे वेंचून, गच्चीवर ऊन दाखविली आणि गार झाल्यावर जाड सुती पिशवींत भरली. गरम धान्य बांधलें तर पिशवींत घाम धरतें, म्हणून गार होण्याची वाट पाहावी लागते. पांच किलोंच्या पन्नासएक भाकऱ्या होतात. एका माणसाची हौस भागावयास तेवढ्या पुरेत, आणि त्यांचें ओझें कोणाच्या मनावर बसत नाहीं.

भाकरीबरोबर शेंगांची चटणी हवी, हें सोलापूरकराला शिकवावें लागत नाहीं. पण आमच्याकडची चटणी म्हणजे लसूण. चातुर्मासांत ती पाठविली असती तर कार्तिकी एकादशीपर्यंत बरणी शिंक्याला टांगून त्यांनीं तिच्याकडे नुसतें पाहिलें असतें. म्हणून लसणाऐवजीं जिरें थोडें अधिक घालावयाचें ठरलें. "आणि ती तूंच कुटायची," असा घरून हुकूम झाला. मंद आंचेवर शेंगदाणे खमंग भाजले, सालें पाखडलीं, तिखट, मीठ, जिरें घातलें, आणि माळ्यावरचें उखळ खालीं आलें. मिक्सरमध्यें पीठ होतें, चटणी होत नाहीं. कुटतां कुटतां दाण्याला तेल सुटावें लागतें, आणि मुठींत घेतल्यावर गोळी वळूं लागली कीं झाली. संगणकाच्या कळा दाबणारा हात तो. अर्ध्या तासांत तळव्याला फोड आला. मला त्याची दया आली नाहीं. माझ्या जांभळ्या साडीला माझा पगार लागला होता, पण तळव्याला कांहींच लागलें नव्हतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मला एक गोष्ट आठवली. त्या घरांत वडीलधारें माणूस आहे. अंथरुणावर असलें म्हणून तें वडीलपणांतून निवृत्त झालेलें नाहीं. सासूला भेट दिली आणि सासूच्या सासूला नाहीं, तर ज्या बाईला आपण मान देऊं पाहतों तिचीच पंचाईत होते. पाहुणा गेल्यावर तिला त्या खोलींत जाऊन काय सांगावयाचें? सोलापुरास या बाबतींत वाण नाहीं. एक हलकी सुती चादर घेतली. जाड चादर पावसांत वाळत नाहीं, म्हणून मुद्दाम हलकी. ज्वारी, दाणे, चादर मिळून सारा खर्च हजार-बाराशें रुपयांत आला. चिरंजिवांच्या मोबाइलमधल्या सर्वांत लहान समईची किंमत याच्या पांचपट होती.

"गेल्यावर आधीं आजींना नमस्कार कर," मीं सांगितलें. "चादर त्यांच्या पायांवर तूंच घाल. पिशवी बैठकींत उघडूं नकोस. शेजारचें कोणी बसलेलें असलें तर त्याच्या देखत मुळींच नको. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जा, तेथें दे, आणि काय आहे तें एका वाक्यांत सांग. भाषण करूं नकोस." शेवटची सूचना त्याच्या आईच्या मतें मीच पाळण्यासारखी होती.

शनिवारीं तो गेला. सोमवारीं रात्रीं त्याचा पुण्याहून फोन आला, पण त्यानें फार कांहीं सांगितलें नाहीं. मुलगे सांगत नाहींत. जें कळलें तें पंधरा दिवसांनीं, मुलगी आमच्याकडे आली तेव्हां तिच्या तोंडून. पिशवीची गांठ सोडून आईंनीं ओंजळभर दाणे वर घेतले, वास घेतला, आणि "मालदांडी" एवढा एकच शब्द म्हणाल्या. "कशाला एवढें?" असें त्या म्हणाल्या नाहींत. संध्याकाळीं गिरणीवरून पीठ आलें. घरांत नेहमीं सर्वांचें झाल्यावर, सासूबाईंना भरवून झाल्यावर त्या जेवतात. त्या दिवशीं पहिली भाकरी फुगून तव्यावरून उतरली, ती त्यांनीं चुलीपाशीं उभ्यानेंच मोडली, चटणीवर तेल घातलें आणि खाल्ली. "आईला पहिली भाकरी खातांना मीं कधीं पाहिलें नव्हतें," मुलगी म्हणाली, आणि पाणी पिण्यासाठीं आंत गेली.

नंतर तिनें आपल्या सामानांतून आमचीच ती सुती पिशवी काढली. धुऊन, घडी करून ती तशीच परत आली असती तरी चाललें असतें. पण ती फुगलेली होती. आंत आमसुलांची पुडी होती, नाचणीचे पापड होते, आणि वर एका कागदाच्या लहानशा पुडींत साखर होती. सारें त्यांच्या घरचें; मोडावयास कांहीं लागलेलें नव्हतें. मीं ती साखरेची पुडी हातांत घेऊन बराच वेळ बसलों. मुलीला वाटलें, मधुमेहामुळें मी विचारांत पडलों आहें.

पत्नीनें आमसुलें बरणींत भरलीं, पापड डब्यांत ठेविले, आणि पिशवी झटकून खुंटीला अडकविली. झोपण्यापूर्वीं दिवा मालवतांना ती म्हणाली, "पुढच्या खेपेला हिच्यांत काय घालायचें, तें आत्तांपासून बघून ठेवा."